दोन लाखांचा गेन जातो कुठे?

‘७४१ चा ओपन-लूप गेन दोन लाख, म्हणजे जवळजवळ अनंतच. मग नॉन-इन्व्हर्टिंग अ‍ॅम्प्लिफायरचा गेन १ + R2/R1, विषय संपला!’ व्हायवात हे उत्तर इतक्या आत्मविश्वासाने येतं की पुढचा प्रश्न विचारायचा धीर होत नाही. तरी विचारतो : दोन लाख, पण कुठल्या फ्रीक्वेन्सीला?

आधी डीसी पाहू. R1 १ किलोओहम, R2 ९९ किलोओहम. आदर्श गेन १००. आउटपुटचा शंभरावा भाग इनपुटकडे परत येतो, म्हणजे β = ०.०१. खरा गेन A/(1+Aβ) आणि आदर्श गेनच्या तुलनेत तूट 1/(1+Aβ). म्हणजे नुसता A किती मोठा आहे याला अर्थ नाही, Aβ किती ते बघा. दोन लाखांतले इथे दोन हजारच हाती उरतात. गेन येतो ९९.९५, तूट ०.०५ टक्के. मात्र दोन लाख हा ‘टिपिकल’ आकडा आहे. LM741C च्या डेटाशीटमध्ये किमान हमी २० V/mV, म्हणजे वीस हजारांचीच आहे. तेवढाच धरला तर गेन ९९.५. एक टक्क्याचे रेझिस्टर याहून जास्त घोळ घालतात, त्यामुळे इथवर ‘अनंत’ म्हणणाऱ्याला माफ करता येतं.

पण ७४१ चा A साधारण ५ हर्ट्झपासूनच घसरायला लागतो आणि १ मेगाहर्ट्झच्या आसपास १ वर येतो. १० किलोहर्ट्झला तो उरतो जेमतेम १००. आता Aβ = १! १० मिलिव्होल्टच्या साइन वेव्हला स्कोपवर १ व्होल्ट अपेक्षित असतो, दिसतो ०.७. मग बिचारा ब्रेडबोर्ड बदलला जातो.

सूत्र पाठ असलेले इथे वेगळीच चूक करतात. १/(१+१) म्हणजे निम्मा, गेन ५०, असं सांगून मोकळे होतात. अहो, या पट्ट्यात A ची फेज ९० अंश मागे असते, तेव्हा बेरीज काटकोनात करा : १००/√२, म्हणजे ७०.७. स्कोपवर आउटपुट ४५ अंश मागे दिसतं, तीच खूण. याच हिशेबाने १ किलोहर्ट्झला तूट नऊ टक्के नसून अर्धा टक्काच भरते.

उपाय साधा आहे. दहा-दहा गेनचे दोन टप्पे लावा. १० किलोहर्ट्झला प्रत्येकात Aβ = १०, एकूण गेन सुमारे ९९.

‘रेझिस्टर दसपट मोठे घेतले की चूक घटते’ हे खोटं. गुणोत्तर तेच, म्हणून β ही तोच. ‘व्होल्टेज फॉलोअरमध्ये चूक नसते’ हेही खोटं; β = १ असल्याने ती सर्वांत कमी असते, एवढंच. आणि शून्य इनपुटला आउटपुटवर ०.२ व्होल्ट दिसले तर त्यासाठी मर्यादित गेनला दोष देऊ नका. तो २ मिलिव्होल्टचा इनपुट ऑफसेट शंभरपट झालेला असतो. डीसी गेन मोजायचा तर दोन वेगवेगळी इनपुटं द्या आणि आउटपुटमधल्या फरकाला इनपुटमधल्या फरकाने भागा. ऑफसेट आपोआप वजा होतो.