तुळईच्या पोटातली सळई

दोन भिंतींवर टेकलेली काँक्रीटची तुळई मधोमध आडवी कापली, तर छेदात 230 मिलिमीटर रुंद आणि 450 मिलिमीटर उंच चौकोन दिसतो. कडेपासून 25 मिलिमीटर आत लोखंडी रिंग असते. रिंगच्या आत तळाशी 16 मिलिमीटर जाडीच्या तीन सळया आणि वर 12 मिलिमीटरच्या दोन. मधला सगळा भाग नुसत्या काँक्रीटचा.

भार आला की तुळई किंचित खाली वाकते. वाकताना तिचा वरचा थर दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. मध्ये कुठेतरी ना ताण ना दाब असा थर राहतो. काँक्रीट दाब उत्तम सोसते, पण ताण सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढीच असते. म्हणून खालून बारीक तडे जातात आणि तिथला ताण सळई उचलते. केसाएवढे असे उभे तडे चांगल्या तुळईतही असतात; त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही.

सळई जितकी खाली, तितके वरच्या दाबापासून तिचे अंतर जास्त, आणि तुळईची ताकद या अंतरावरच ठरते. फे 500 प्रतीच्या या तीन सळया हिशेबात सुमारे 26 टन ओढ घेतात. एम 20 काँक्रीटमध्ये ती ओढ आणि वरचा दाब यांत 34 सेंटिमीटरच्या आसपास अंतर पडते. याच सळया तुळईच्या मध्यावर ठेवल्या, तर ते अंतर निम्म्याहून कमी होते. लोखंड तेवढेच, पण तुळई निम्मा भारही पेलत नाही.

मग सळई अगदी कडेला का नको? तिच्यावर काँक्रीटचे कव्हर हवे. नाहीतर ओल पोचते, गंज फुगतो आणि काँक्रीट फोडतो. तळाशी सळईच्या रेषेत लांबवर गेलेली, तांबूस डाग असलेली भेग ही त्याचीच खूण. ती मात्र दुर्लक्षू नये.

वरच्या दोन सळया इथे मुख्यतः रिंगा जागेवर धरतात. रिंगांचे खरे काम टेकूजवळ असते. तिथे तुळई तिरकी फाटू पाहते आणि रिंगांचे उभे पाय ती तिरकी भेग शिवून धरतात. म्हणून टेकूजवळ रिंगा दाट बांधतात, मध्यावर त्या विरळ चालतात.

छज्जा किंवा गॅलरी एकाच बाजूने धरलेली असते, तेव्हा सारे उलटते. टोक खाली झुकते आणि ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून मुख्य सळईही वरच हवी. काँक्रीट ओतताना मजुरांचे पाय पडून ही जाळी खाली दबते, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच कळत नाही. पुढे भिंतीलगत वरच्या बाजूने भेग उघडते. जाळीखाली लोखंडी खुर्च्या नीट लावल्या आणि चालायला फळ्या टाकल्या, तर सळई जागेवर राहते.