बरणीत दिसलेली पिवळी साडी

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाची मासिक बैठक होती. हिशेब उरकल्यावर फोटो शिकवायला आलेल्या ताईंनी भाषणाला सुरुवात केली ती एका प्रश्नाने: "मोबाईलची काच शेवटची कधी पुसली?" बायका हसल्या. पण लोणचं भरणारे हात तेलकट असतात, त्याच बोटांनी फोन उचलला जातो आणि कॅमेऱ्याच्या भिंगावर तेलाचा थर बसतो. मग फोटो धुक्यातून काढल्यासारखा येतो. सुती पदराने पुसलं तरी निम्मं काम होतं.

मग कैरीच्या लोणच्याची बरणी टेबलावर आली. पहिला फोटो गटातल्या एकीने ट्यूबलाइटखाली, फ्लॅश मारून काढला. काचेवर पांढरा डाग उमटला आणि तिखटाचा लाल रंग मळकट, तपकिरी झाला. ताईंनी ट्यूबलाइट बंद करायला लावली, कारण खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट यांचे रंग वेगळे असतात. दोन्ही एकत्र पडले की फोनचा गोंधळ उडतो.

बरणी खिडकीपाशी नेली, पण थेट उन्हात नाही. उजेड डावीकडून येत होता म्हणून उजवीकडे पांढरा पुठ्ठा उभा केला. त्यावरून परतलेल्या उजेडाने काळोखी बाजू उजळली. तरी बरणीत एक पिवळा पट्टा दिसतच होता. तो फोटो काढणारीच्या साडीचा! काच म्हणजे आरसाच. तिने अंगावर काळी शाल घेतली, तेव्हा कुठे फोडी दिसू लागल्या.

फोन बरणीला चिकटवला तर तिचं पोट फुगलेलं दिसतं. म्हणून दोन हात मागे सरून दुप्पट झूम करायचा. बरणीवर बोट टेकवलं की बहुतेक फोनमध्ये उजेड कमी-जास्त करायची खूण दिसते. ती किंचित खाली ओढली की तेलाची चमक आटोक्यात येते. लाल रंग मात्र नंतर वाढवायचा नाही. फोटोतल्या लालभडक लोणच्याऐवजी घरी साधं आलं, तर गिऱ्हाईक भांडणारच.

चकलीचं गणित वेगळं. तिची शान काट्यांत, आणि काटे दिसतात सावलीमुळे. समोरून उजेड टाकला तर ती सपाट कडी वाटते. बाजूच्या उजेडात प्रत्येक काट्यामागे बारीक सावली पडते. तिथे पांढरा पुठ्ठा जरा लांबच ठेवायचा, नाहीतर ती सावलीच पुसली जाते. एक चकली मोडून आतली पोकळ नळी समोर ठेवली, की ती खुसखुशीत आहे हे सांगावं लागत नाही.

लेबलचा फोटो वेगळा, अगदी समोरून. वजन, तारीख आणि एफएसएसएआयचा 14 अंकी क्रमांक वाचता आला पाहिजे. बैठकीत काढलेल्या पहिल्या लेबलवर त्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक तेलाच्या ओघळाखाली गेले होते. दुसरी बरणी पुसून आणावी लागली.