समईमागचा काळा चौकोन

कापून घेतलेले चित्र म्हणजे पार्श्वभूमी काढून टाकलेले चित्र. ते व्हिडिओवर ठेवले की आकृती तेवढी दिसते आणि तिच्या भोवतीच्या मोकळ्या जागेतून खालचा व्हिडिओ दिसत राहतो. लग्नाच्या निमंत्रणाच्या व्हिडिओत कोपऱ्यात तेवत ठेवलेली समई, बातम्यांच्या पडद्यावरचे वाहिनीचे बोधचिन्ह, भाषणाखाली सरकत येणारी नावाची पट्टी, सगळे याच तंत्राने होते. आणि या सगळ्यांत हमखास घडणारा घोटाळाही एकच: समई येते, पण काळा चौकोन पाठीवर घेऊन.

डिजिटल चित्रातला प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा तीन आकड्यांनी नोंदवलेला असतो. पारदर्शक चित्रात प्रत्येक ठिपक्याला चौथा आकडा असतो, तोच अल्फा. तो शून्य असेल तर ठिपका अदृश्य, २५५ असेल तर पूर्ण भरीव, आणि मधला असेल तर तेवढ्या प्रमाणात अर्धपारदर्शक. या चौथ्या थराला अल्फा चॅनल म्हणतात. अल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी ही कल्पना १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत मांडली. थर एकमेकांवर कसे मिसळायचे याचे गणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. आजचे मोबाइलवरचे संकलनाचे अॅपही तेच गणित करते.

समईचे उदाहरण घेण्याचे कारण तिची ज्योत. पितळी दांडा भरीव असतो. त्याची कड जरा मऊ ठेवली की काम भागते. ज्योतीचे मात्र तसे नाही. तिचा गाभा भरीव, बाहेरचा उजेड अर्धपारदर्शक, आणि तो उजेड कुठे संपतो हे बोट ठेवून सांगता येत नाही. म्हणून अल्फाच्या सगळ्या पायऱ्या जिथे शाबूत राहतात तिथेच ज्योत नीट दिसते. पीएनजी फाइलमध्ये त्या किमान २५६ असतात. गिफमध्ये ठिपका एक तर दिसतो किंवा दिसत नाही, मधले काही नाही. त्यामुळे ज्योतीची कड करवतीने कापल्यासारखी होते. जेपेगमध्ये अल्फाला जागाच नाही. फाइल जतन होताना रिकामी जागा कुठल्या तरी रंगाने, बहुधा पांढऱ्याने, भरली जाते.

यातून एक नेहमीची फसगत होते. पीएनजी फाइल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवली की पलीकडे ती जेपेग होऊन पोचते. नंतर तिच्या नावापुढे पुन्हा ‘.png’ लिहिले तरी गेलेली पारदर्शकता परत येत नाही. अशी फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. दुसरी फसगत इंटरनेटवरून उतरवलेल्या चित्रांची. पारदर्शक जागा दाखवण्यासाठी चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये करडे-पांढरे चौकडे दिसतात, पण कित्येक फुकट चित्रांत ते चौकडे चित्रातच रंगवलेले असतात. चित्र एखाद्या गडद थरावर ठेवून पाहिले की खरेखोटे लगेच कळते.

स्थिर चित्राच्या बाबतीत पुढचे काम सोपे आहे. टाइमलाइनवर व्हिडिओ खालच्या ट्रॅकवर आणि पीएनजी त्याच्या वरच्या ट्रॅकवर ठेवायची, हवी तेवढी लांब ओढायची, आकार आणि जागा ठरवायची. अल्फा सॉफ्टवेअर आपोआप ओळखते. हेच काम एफएफएमपेग या मोफत साधनाने एका ओळीत होते. पुढच्या आज्ञेत समई उजव्या आणि खालच्या कडेपासून ४० ठिपके आत बसते:

```
ffmpeg -i lagna.mp4 -i samai.png -filter_complex "overlay=W-w-40:H-h-40" -c:a copy nimantran.mp4
```

तयार होणारी फाइल एमपी४ आहे आणि तिच्यात पारदर्शकता नाही. तरीही काही बिघडत नाही, आणि नेमका इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. समई आणि व्हिडिओ एकदा मिसळले की प्रत्येक ठिपक्याचा अंतिम रंग ठरलेला असतो, अल्फाचे काम संपलेले असते. पाहणाऱ्याच्या फोनवर जाणाऱ्या फाइलला पारदर्शकता लागत नाही. ती लागते मधल्या फाइलला, म्हणजे जी अजून दुसऱ्या व्हिडिओवर बसायची आहे तिला.

ज्योत हलती करायची ठरवली की अशी मधली फाइल तयार होते. समजा, एका सॉफ्टवेअरमध्ये दहा सेकंद लवलवणारी ज्योत बनवली. खालचा थर रिकामा आहे आणि पडद्यावर चौकडे दिसत आहेत. मग सवयीने एमपी४ निवडून एक्स्पोर्ट केले. ती फाइल निमंत्रणावर ठेवताच काळा चौकोन दिसतो. संकलनाच्या सॉफ्टवेअरची यात काही चूक नाही. त्याच्यापर्यंत अल्फा पोचलेलाच नाही. एमपी४ मध्ये सहसा एच.२६४ या पद्धतीने दाबलेले चित्र असते. त्यात उजेडाचा एक थर आणि रंगाचे दोन थर जातात. रूढ वापरात अल्फाचा चौथा थर नसतो. एक्स्पोर्टच्या वेळी रिकामी जागा काळी धरली जाते आणि तो काळा रंग चित्राचाच भाग होऊन बसतो.

फाइलच्या नावाचा शेवट पाहून मात्र निर्णय करता येत नाही. एमपी४, एमओव्ही, वेबएम हे नुसते डबे आहेत. आत काय भरले आहे ते कोडेक ठरवतो. एमओव्हीच्या डब्यात प्रोरेस ४२२ असेल तर पारदर्शकता जाते. त्याच डब्यात प्रोरेस ४४४४ असेल तर ती राहते. शेवटचा जादा ४ अल्फासाठीच आहे. जुना क्विकटाइम अॅनिमेशन कोडेकही अल्फा जपतो. वेबएममध्ये व्हीपी८ आणि व्हीपी९ अल्फा वेगळ्या प्रवाहात ठेवतात, आणि फाइल लहान राहते म्हणून वेबसाइटसाठी त्यांना पसंती मिळते. एच.२६५ मध्ये अल्फा ठेवण्याची सोय अॅपलने २०१९ मध्ये आपल्या उपकरणांत आणली, पण एरवी तयार होणाऱ्या एच.२६५ फाइलमध्ये अल्फा नसतो. घरच्या संगणकावर संकलनासाठी प्रोरेस ४४४४ किंवा सरळ पीएनजी चित्रांची मालिका हे दोनच मार्ग बिनघोर म्हणावेत.

प्रोरेस ४४४४ ची किंमत जागेत मोजावी लागते. १९२०×१०८० आकार आणि सेकंदाला २५ फ्रेम असतील तर अॅपलने दिलेला दर सेकंदाला सुमारे २७५ मेगाबिट आहे, तोही अल्फा न धरता. दहा सेकंदांचे साधारण ३४० मेगाबाइट झाले. ज्योतीसारख्या चित्रात बरीच जागा रिकामी असल्याने प्रत्यक्षात फाइल लहान भरते, पण एमपी४ च्या मानाने ती अवाढव्य वाटणारच.

योग्य कोडेक निवडूनही एक खूण करायची राहून जाते. आफ्टर इफेक्ट्समध्ये आउटपुटच्या पानावर ‘Channels’ या ठिकाणी मूळ ‘RGB’ असते. ते ‘RGB + Alpha’ करावे लागते. दाविंची रिझॉल्व्हमध्ये ‘Export Alpha’ हा चौकोन टिकवावा लागतो. चित्रांच्या मालिकेतून एफएफएमपेगने फाइल करायची तर:

```
ffmpeg -framerate 25 -i jyot_%03d.png -c:v prores_ks -profile:v 4444 -pix_fmt yuva444p10le jyot.mov
```

फाइल तयार झाल्यावर ती साध्या प्लेअरमध्ये लावून पाहण्यात अर्थ नाही. अल्फा असलेली फाइलही तिथे बहुधा काळ्यावरच दिसते, आणि माणूस उगीच पुन्हा एक्स्पोर्ट करत बसतो. त्यापेक्षा एफएफप्रोबला विचारावे:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt jyot.mov
```

उत्तरात ‘yuva444…’ आले तर त्यातला ‘a’ म्हणजे अल्फा. ‘yuv420p’ आले तर पारदर्शकता गेली. वेबएम तेवढी याला अपवाद ठरू शकते: तिच्यात अल्फा असूनही ‘yuv420p’ दिसते, आणि खरी खूण ‘alpha_mode’ या टॅगमध्ये १ असणे ही असते. अशी व्हीपी९ फाइल एफएफएमपेगमध्ये घेताना ‘-i’ च्या आधी ‘-c:v libvpx-vp9’ लिहावे, नाहीतर तिथेही अल्फा गळू शकतो.

चौकोन गेला तरी कधी ज्योतीभोवती मळकट कडा उरते. अल्फा नोंदवण्याच्या दोन रीती असल्यामुळे हे होते. एका रीतीत रंग जसाच्या तसा ठेवतात आणि अल्फा वेगळा. पीएनजी असेच करते. दुसऱ्या रीतीत रंगाला अल्फाने आधीच गुणून ठेवतात. ज्योतीच्या कडेचा एक ठिपका घेऊ. त्याचा उजेड २४०, अल्फा निम्मा, आणि मागे मांडवाचा फिकट पडदा २०० उजेडाचा. बरोबर उत्तर १२० अधिक १००, म्हणजे २२०. फाइलमध्ये आधीच गुणलेले १२० असतील आणि सॉफ्टवेअरने ते न गुणलेले समजून पुन्हा निम्मे केले, तर ६० अधिक १०० म्हणजे १६० होतात. हा ठिपका पडद्यापेक्षाही काळपट, म्हणून ज्योतीभोवती काजळीचे कडे दिसते. उलट चूक झाली तर २४० अधिक १०० म्हणजे ३४०, जे २५५ वर अडतात आणि कडा पांढरी जळते. आफ्टर इफेक्ट्समध्ये फाइलच्या ‘Interpret Footage’ मध्ये ‘Straight’ किंवा ‘Premultiplied’ यांपैकी बरोबर रीत निवडली की कडे जाते. पांढऱ्या भिंतीपुढे फोटो काढून घाईने कापलेल्या समईची पांढरी किनार वेगळी. ती भिंतच आहे, आणि ती चित्रातच पुन्हा साफ करावी लागते.

हातातल्या अॅपला एमपी४ शिवाय काही कळत नसेल, तर वळसा घ्यावा लागतो. हिरव्या पार्श्वभूमीवर समई ठेवून ‘Chroma Key’ ने हिरवा रंग काढणे हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग. पितळी दांड्याला तो चालतो. ज्योतीच्या उजेडात मात्र हिरवा मिसळलेला असतो, आणि एच.२६४ सहसा रंगाचा तपशील उजेडाच्या चौथ्या हिश्श्यावर आणत असल्याने कडा दातेरी निघतात. ज्योतीसाठी काळी पार्श्वभूमी आणि ‘Screen’ हा मिश्रणाचा प्रकार बरा: काळे नाहीसे होते, उजळ तेवढे उरते. पण त्याच प्रकारात पितळी दांडा मात्र भुतासारखा आरपार दिसू लागतो. म्हणून दांडा पीएनजी म्हणून एका ट्रॅकवर आणि काळ्यावरची ज्योत एमपी४ म्हणून त्याच्या वरच्या ट्रॅकवर ‘Screen’ मध्ये, अशी विभागणी केली तर मोबाइलवरही समई स्वच्छ बसते; ज्योत वातीच्या टोकावर नेमकी जुळवण्यापुरते काम उरते.