एका अकाराचा प्रश्न
उपनिषदे आणि त्यांचे भाष्यकार : लेखांक ७

१२ वर्षे गुरुगृही राहून, वयाच्या २४ व्या वर्षी विद्येचा ताठा घेऊन घरी परतलेला श्वेतकेतू, आणि ज्या एकाच्या ज्ञानाने सर्व काही ज्ञात होते ते तू गुरूंना विचारलेस काय, असे त्याला पुसणारा त्याचा पिता उद्दालक आरुणी, यांच्यापाशी गेल्या आठवड्यात आपण थांबलो होतो. छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायातील या संवादात एक लहानसे गद्य वाक्य ९ वेळा येते. अद्वैती परंपरा त्याला महावाक्य मानते; ते म्हणजे ‘तत्त्वमसि’. या वाक्याच्या लगत आधी ‘आत्मा’ हा शब्द आहे, आणि दोन दर्शनांमधील सारी तकरार या दोन शब्दांच्या सांध्यावर उभी आहे.

‘आत्मा’ या पदापुढे ‘तत्’ ठेवून सलग उच्चार केला, तर ‘आत्मातत्’ असे ऐकू येते. आणि ‘तत्’ऐवजी ‘अतत्’ ठेवले, तरी आकार व अकार यांचा सवर्णदीर्घ होऊन ‘आत्मातत्’ असेच ऐकू येते. पहिल्या पदच्छेदाने ‘ते तू आहेस’ असा अर्थ निघतो, तर दुसऱ्याने ‘ते तू नाहीस’ असा. व्याकरणाचा नियम दोघांनाही सारखाच अनुकूल असल्यामुळे, केवळ कानावर विसंबून या प्रकरणाचा निकाल लागत नाही.

शंकराचार्य ‘तत्’ हेच पद घेतात, आणि अध्यायाच्या आरंभी ज्याला एकमेव व अद्वितीय म्हटले त्या सत्तत्त्वाचा त्याने निर्देश होतो असे सांगतात. हे ऐक्य गौण मानावे, एखाद्या शूराला ‘तू सिंह आहेस’ म्हणावे तसे, ही शंकाही ते स्वतः उपस्थित करून दूर सारतात. कारण सिंहाच्या उपमेत बोलणारा व ऐकणारा दोघेही भेद जाणून असतात, आणि येथे तर तो भेदच अज्ञानाचा आहे. पुढील अद्वैत्यांनी ‘तो हा देवदत्त’ या दृष्टान्ताने हे अधिक स्पष्ट केले : तेव्हाचे स्थळकाळ व आताचे स्थळकाळ हे परस्परविरोधी अंश सोडले, की उरणारा मनुष्य एकच.

तेराव्या शतकातील मध्वाचार्य मात्र ‘अतत्’ असा पदच्छेद करतात. त्यामागे केवळ चातुर्य आहे असे समजणे अन्यायाचे होईल. विद्येने फुगलेल्या मुलाला ‘तूच ब्रह्म’ म्हणून अधिक फुगविणे हा त्या पित्याचा हेतू असू शकेल काय, असा प्रकरणाच्या संदर्भातून उठणारा प्रश्न त्यामागे आहे. या मताला पुढे शास्त्रीय बळकटी देणारे टीकाकार जयतीर्थ हे सोलापूरकडील मंगळवेढ्याचे, असे परंपरा सांगते. म्हणजे हा वाद मराठी मुलखाला परका नव्हे.

मग निवाडा कशाने करावा? उपक्रम, पुनरुक्ती, दृष्टान्तांची उपपत्ती अशा ६ तात्पर्यलिंगांनी प्रकरणाचा अर्थ ठरवावा, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. आश्चर्य असे की साक्षीदार तेच, आणि जबानी मात्र दोन्ही बाजूंना उपयोगी. उपक्रमातील मातीचाच दृष्टान्त पाहा. माती जाणली की मातीची सर्व भांडी जाणली जातात, तसेच एका सत्‌च्या ज्ञानाने सर्व ज्ञात होते, असे अद्वैती म्हणतात. त्यावर मध्वांचा आक्षेप मार्मिक आहे : कारण म्हणून माती सांगायची होती, तर ‘एक’ आणि ‘गोळा’ हे शब्द कशाला हवेत? जगातील सारी भांडी काही एकाच गोळ्यातून घडत नाहीत; तेव्हा येथे अभिप्रेत आहे ते सादृश्य, एकता नव्हे.

नद्यांच्या दृष्टान्ताचीही हीच गोष्ट, आणि तो पडताळण्यास आम्हां कळसाडीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. प्रकाशे येथे गोमाई तापीला मिळते. संगमाच्या वर घाटावरचा मनुष्य दोन नावे घेतो, संगमाच्या खाली एकच, आणि पुढे पश्चिमसमुद्रात तेही लोपते. नाव व रूप गेले, उरले ते पाणी, ते आधीही एकच होते, असे अद्वैती सांगेल. परंतु पावसाळ्यात गोमाईला पूर आला, की संगमाखाली तापीचा प्रवाह वाढतो. मिळालेले पाणी वेगळे नसते, तर ही वाढ कोठून आली, असे द्वैती विचारेल. उपनिषद तर एवढेच म्हणते की, समुद्रात पोहोचलेल्या नद्यांना ‘मी अमुक’ हे उमगत नाही. न उमगणे म्हणजे भेद नसणे, असे एकाने घेतले. भेद असूनही तो न उमगणे, असे दुसऱ्याने.

तथापि ‘अतत्’ पक्षावर एक भार अधिक पडतो, असे मला प्रामाणिकपणे वाटते. ‘अद्वितीय’ या आरंभीच्या पदाचा अर्थ त्याला ‘ज्याच्या तोडीचा दुसरा नाही’ असा करावा लागतो. हा अर्थ अशक्य नाही. पण तो स्वीकारला तरच पुढील अकार टिकतो. उलट अद्वैत्यालाही ‘तू’ या पदाचा सरळ अर्थ, म्हणजे सुखदुःख भोगणारा श्वेतकेतू, सोडून लक्षणेचा आश्रय करावा लागतो. म्हणून वाचकाने भाष्य उघडताना आधी हे पाहावे, की भाष्यकाराने कोणत्या शब्दाचा सरळ अर्थ राखला आणि कोणत्याचा वळविला. अकार असण्या-नसण्याचा निर्णय तेथेच झालेला असतो. सांध्यावर तो केवळ दृष्टीस पडतो.

‘तत्’ राखूनही जीवाला ईश्वराचे शरीर मानणाऱ्या रामानुजांचे तिसरे वाचन पुढील लेखांकी पाहू.