वेलींवरची भुरी

पावसाळा सरला, दुपारी ऊन आणि पहाटे गारवा सुरू झाला की काकडी, दुधी, भोपळ्याच्या पानांवर पिठाची चिमूट भुरभुरावी तसे पांढरे ठिपके दिसू लागतात. हीच भुरी. बहुतेक जण आधी पाणी तोडतात, कारण बुरशी म्हणजे ओल असे डोक्यात बसलेले असते. इथे ते लागू पडत नाही. भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थेंब लागत नाही, उलट साचलेल्या पाण्यात ते नीट रुजतच नाहीत. त्यांना हवी दमट हवा, वीस ते सत्तावीस अंशांचे तापमान आणि सावली. म्हणून रोग आधी दाट वेलीच्या आतल्या, खालच्या, जुन्या पानांवर येतो. युरिया जास्त पडून माजलेल्या वेलीवर तर हमखास. बीजाणू वाऱ्याने पसरतात आणि आठवडाभरात नवे ठिपके उठतात.

औषधाआधी ओळख पटवावी. भोपळ्याच्या काही वाणांच्या पानांवर जन्मजातच पांढुरके पट्टे असतात. बोटाने घासा, भुरी पुसली जाते, पट्टे जात नाहीत. पानावर शिरांत अडकलेले पिवळे कोनदार डाग आणि खाली करडी लव दिसली तर तो केवडा. त्याला मात्र ओले पान लागते आणि भुरीचे उपाय त्याला पुरत नाहीत.

घरच्या बागेसाठी माझा कौल दुधाला आहे. ब्राझीलचे वाग्नर बेत्तिओल यांनी १९९९ मध्ये झुकिनीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. काचघरात गाईचे दूध पाण्यात दहा टक्के किंवा जास्त मिसळून फवारले, तेव्हा भुरी रासायनिक औषधाइतकीच आटोक्यात राहिली. म्हणजे लिटरभर द्रावणात शंभर मिली दूध. ठिपके मोजके असतानाच सुरुवात करावी, खूप माखलेली पाने आधी तोडून बागेबाहेर टाकावीत आणि सकाळी उन्हात पानाच्या दोन्ही बाजू भिजतील असे फवारावे. खालची बाजू कोरडी राहिली की आठवड्यात रोग परत येतो, आणि चूक बहुधा तिथेच होते. फवारा दर आठवड्याला हवा. दाट दूध मारू नये, पानावर वेगळीच बुरशी चढते आणि वासही सुटतो.

वेल पांढरीफटक झाल्यावर दूध फारसे काही करत नाही. तेव्हा पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम. पण काकडीवर्गीय पाने गंधकाने करपू शकतात, म्हणून आधी दोन-चार पानांवर फवारून दोन दिवस पाहावे. पारा बत्तिशीपुढे असेल किंवा दोन आठवड्यांत निंबोळी तेल फवारले असेल तर गंधक टाळावे. पानांवर बारका पिवळाधमक लेडीबर्ड भुंगा फिरताना दिसला तर त्याला कीड समजून मारू नका, तो हीच बुरशी खातो.

काकडी दोनेक महिन्यांत थकतेच. थकलेली वेल वाचवत बसण्यापेक्षा ती उपटावी आणि नवी बी दुसऱ्या टोकाला, वारा खेळेल अशा जागी टोकावी. जुन्या वेलीला खेटून लावलेल्या रोपावर भुरी लवकरच उतरते.