'अंतर ठेवा' वाचायला जवळ गेले, तेव्हा…

बीड बायपासवर परवा संध्याकाळी माझी स्कूटी एका ट्रकखाली जाता जाता राहिली. चूक माझीच होती. समोरच्या ट्रकच्या मागे काहीतरी शायरी लिहिलेली होती, अक्षरं एवढी बारीक की 'जिंदगी' सोडून काहीच लागत नव्हतं. मी वाचायला म्हणून पुढे सरकत गेले आणि ट्रकवाल्याने ब्रेक मारला. जेमतेम थांबले. तेव्हा कळलं, शायरीच्या बरोब्बर वर मोठ्या अक्षरांत 'अंतर ठेवा' असं लिहिलंय!

हा किस्सा ऑफिसात सांगितला तर सगळे हसले आणि स्टोरी माझ्याच गळ्यात पडली. म्हटलं ठीक आहे. ट्रकच्या मागे कुठलं अक्षर किती मोठं, हे ठरवतं तरी कोण?

उत्तर मिळालं वाळूज रोडच्या एका बॉडी बिल्डरच्या शेडमध्ये. तिथे एक पेंटरकाका आहेत. वय साठीच्या आसपास. नाव छापू नकोस म्हणाले, "नाव गाड्यांवर आहेच की बेटा." ट्रकच्या मागच्या ज्या दाराला आपण कॉलेजवाले 'ट्रकची पाठ' वगैरे म्हणतो, त्याला तिथे फाळका म्हणतात. माल उतरवताना तो खाली पडतो, एरवी दोन्ही बाजूंच्या खटक्यांनी आणि साखळीने बंद असतो. काकांचा कॅनव्हास हाच.

मी गेले त्या दिवशी एमएच २० पासिंगचा एक ट्रक रंगायला उभा होता. फाळका ९० इंच रुंद आणि २४ इंच उंच. ऐकायला भरपूर वाटतं. पण काकांनी टेप लावून दाखवलं तेव्हा जागा कशी भराभर संपते ते दिसलं. चारही बाजूंना दोन इंचांची किनार आणि किनारीच्या आत एक इंच मोकळं, म्हणजे प्रत्येक बाजूने तीन इंच गेले. उरले ८४ बाय १८. त्यात पत्रा वाकू नये म्हणून लोखंडाच्या दोन उभ्या पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्या फाळक्याचे तीन खण करतात आणि प्रत्येक खण साधारण साडेसव्वीस इंचांचा होतो. पट्टी पत्र्यापेक्षा वर आलेली असते, त्यामुळे एखादं अक्षर तिच्यावरून नेलं तर ते बाजूने पाहताना मोडल्यासारखं दिसतं. म्हणून काकांचा पहिला नियम असा की पट्टीवर फक्त दोन शब्दांमधली मोकळी जागा यायला हवी.

हे ऐकल्यावर डोक्यात ट्यूब पेटली. 'हॉर्न', 'ओके', 'प्लीज'. तीन शब्द, तीन खण! हा 'ओके' नक्की कुठून आला याच्या चार-पाच कहाण्या आहेत. महायुद्धातल्या केरोसीनवर चालणाऱ्या गाड्यांपासून साबणाच्या जाहिरातीपर्यंत. एकीलाही धड पुरावा नाही. पण तो टिकला का, याचं काकांचं उत्तर पेंटरचं आहे. "मधला खण रिकामा कसा सोडायचा?" २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी हे शब्द व्यावसायिक वाहनांवर लिहायला बंदी घातली, कारण त्यामुळे लोक उगाच हॉर्न वाजवतात. तेव्हापासून काका महाराष्ट्रातल्या गाडीवर ते लिहीत नाहीत. बाहेरच्या राज्यातल्या गाड्यांवर आपल्याला ते रोज दिसतातच.

तर समोरचा ट्रक. मालकांची यादी अशी होती: 'आई-वडिलांचा आशीर्वाद', 'सुरक्षित अंतर ठेवा', मुलाचं आणि मुलीचं नाव, आणि एक शेर. सगळं फाळक्यावर. काकांनी यादी वाचली, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "शेठ, हे लग्नाच्या पत्रिकेवर बसेल."

इथे मराठीची एक गंमत आहे, जी मला बावीस वर्षांत कधी जाणवली नव्हती. इंग्रजी कॅपिटल अक्षरं एका उंचीची असतात. वर काही नाही, खाली काही नाही. आपल्या अक्षराला मात्र तीन मजले. मध्ये मूळ अक्षर, वर मात्रा-वेलांटी-अनुस्वार-रफार, खाली उकार. १८ इंचांत इंग्रजी शब्द जवळजवळ १८ इंच उंच काढता येतो. मराठीत वरचे आणि खालचे मजले सोडले की अक्षराच्या वाट्याला फार तर दहा-अकरा इंच येतात. त्यामुळे काका वाक्य निवडताना अर्थाइतकंच त्याच्या खाली काय लोंबतंय तेही बघतात. 'सुरक्षित' मधला 'सु' त्यांना नको होता, कारण त्या एका उकारासाठी अख्ख्या ओळीखाली जागा सोडावी लागते. शिवाय लांबून 'क्ष' चा गोळा होतो. 'अंतर ठेवा' मध्ये उकारच नाही. वर फक्त एक टिंब आणि एक मात्रा. झालं, 'सुरक्षित' उडालं.

मग उंची ठरली. अक्षर ८ इंच, त्याच्या डोक्यावर साडेतीन. ८ का? काकांकडे साइनबोर्डवाल्यांचा जुना आडाखा आहे. अक्षर जितके इंच, त्याच्या दहापट फुटांवरून ते आरामात वाचता येतं. म्हणजे ८ इंचाचं अक्षर ८० फुटांवरून. आता आपण गणित करू. ताशी ४० च्या वेगाने आपण सेकंदाला साधारण ३६ फूट जातो. पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचं अंतर ठेवा असं सांगतात, ते झालं ७२-७३ फूट. म्हणजे ८ इंचाचा 'अंतर ठेवा' तुम्ही ठेवायला हव्या त्या अंतरावरूनच वाचता. आणि ३ इंचाची शायरी? ३० फूट. ती वाचायची तर तुम्हाला एका सेकंदाच्याही आत यावं लागतं. परवा मी नेमकी तिथेच होते.

'अंतर' डाव्या खणात, 'ठेवा' उजव्या खणात, मध्ये कमळ. खाली साडेसहा इंच उरले. तिथे ३ इंचाची अक्षरं, वर दीड इंच मात्रांना, वरखाली एकेक इंच मोकळं. हिशोब जुळला. मालक म्हणाले, मग तिथे घ्या 'आई-वडिलांचा आशीर्वाद', दोन शब्द दोन बाजूंना. काकांनी काही न बोलता खडूने तसं लिहून दाखवलं आणि आम्हाला दहा पावलं मागे नेलं. म्हणाले, आता वाचा. मी वाचलं, "अंतर आई-वडिलांचा. ठेवा आशीर्वाद." मालकांसकट सगळी शेड हसली. मधल्या कमळामुळे डोळा आडवा जाण्याऐवजी प्रत्येक खण वरून खाली वाचतो. मग आई-वडील फाळक्याच्या वरच्या आडव्या पट्टीवर गेले, जिथे त्यांच्याशेजारी दुसरं काहीच नाही. खाली आली मुलांची नावं. ती उभी वाचली काय, आडवी वाचली काय, नावंच राहतात. शेर फाळक्यावरून बाद. तो खालच्या बंपरवर लिहायचं ठरलं. "सिग्नलला गाडी थांबते तेव्हा वाचतील लोक. चालत्या गाडीवर शेर कशाला?"

लिहिण्याचं काम बघायला दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. पत्र्यावर रेडऑक्साइड, त्यावर पिवळा ऑइलपेंट आदल्या संध्याकाळीच मारून ठेवला होता. तो नुसता हाताला लागत नाही म्हणून भागत नाही, रात्रभर वाळावाच लागतो. घाईत ओल्या थरावर दुसरा थर दिला तर वरचा रंग सुरकुततो, दुधाच्या सायीसारखा. खडू लावलेली दोरी दोघांनी ताणून धरली, टिचकी मारली की सरळ रेघ उमटली. ती शिरोरेषा. मग खडूने अक्षरं, मग लाल.

लाल भरताना काकांचा सगळा जीव अक्षरांच्या पोटात असतो. 'ठ' आणि 'व' च्या आतली पिवळी जागा. अक्षर दणकट दिसावं म्हणून रेघ जाड करत गेलं की पोट बुजतं आणि लांबून 'व' चा नुसता ठिपका होतो. ८ इंचाच्या अक्षराला दीड इंचाची रेघ, त्याहून जास्त नाही. सावलीचंही तेच. काळी सावली अर्धा इंच असेल तर दोन अक्षरांमधली फट त्याहून चांगली मोठी हवी, नाहीतर सावली पुढच्या अक्षराला चिकटते. शिकाऊ हाताचं काम इथेच ओळखू येतं, असं काका म्हणाले. जवळून झकास, रस्त्यावर चिखल.

मी विचारलं, लाल-पिवळंच का? निळ्यावर लाल किती कूल दिसेल! काकांनी शेडमागे उभा असलेला एक जुना निळा टेम्पो दाखवला. सहा वाजून गेले होते. लाल अक्षरं होती, पण असून नसल्यासारखी. उजेड कमी झाला की लाल काळपट पडतो आणि निळ्यात मिसळतो. पिवळ्यावर तो काळपट पडला तरी वाचता येतो.

हे सगळं आता रेडियमवाले तासाभरात करतात. कॉम्प्युटरवर टाइप करायचं, मशीन कापून देतं, चिकटवायचं. रात्री हेडलाइट पडला की चमकतं, हे काका मोकळेपणाने मान्य करतात. किनारीचं अर्धं काम तर लाल रिफ्लेक्टर टेपने कधीच घेतलंय. नियमाने ती लावावी लागते, मग काका तिच्या आतून बारीक पांढरी वेल काढतात. पण रेडियमवाला फाँट आडवा-उभा ओढून जागेत बसवतो, त्यामुळे मात्रा पातळ होतात आणि काने जाड. आणि फाळका दिवसातून चार वेळा आपटतो. साखळी घासते तिथला स्टिकर कोपऱ्यातून उचलतो, मग अख्खं अक्षर जातं. जाधववाडी मोंढ्यात भाजीच्या गाड्यांमागे 'अंतर ठेवा' चं 'अंत ठेवा' झालेलं मी स्वतः पाहिलंय. रंगाचं अक्षर खरवडतं, पण तुकड्याने गळून पडत नाही.

आमच्या ट्रकवर शेवटी मुलीचं नाव आलं. त्यात दोन उकार होते. काकांनी ओळीत बसवण्यासाठी ते नाव तीनऐवजी अडीच इंचांचं केलं. मालकांच्या लगेच लक्षात आलं. "पोराचं मोठं आणि पोरीचं बारीक कसं?" काकांनी ओल्या रंगावर टर्पेंटाइनचं फडकं फिरवलं, दोन्ही नावं पुसली आणि दोन्ही अडीच इंचांची करून लिहिली. मग कोपऱ्यात, एका इंचाहून लहान अक्षरांत, स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर.

"हे कोण वाचणार काका?"

"धाब्यावर गाडी उभी असते ना, तेव्हा दुसरा ड्रायव्हर येऊन वाचतो."