विश्लेषण : १८ कॅरेटची चेन २२ कॅरेटची करायला दुप्पट सोने का लागते?

लग्नसराई जवळ आली की कपाटातले जुने सोने बाहेर निघते. समजा, सोलापूर-विजयपूर महामार्गावरील मंद्रूप येथील एका कुटुंबाकडे १८ कॅरेटची १२ ग्रॅमची चेन आहे. ती वितळवून २२ कॅरेटचा दागिना करायचा आहे. थोडे शुद्ध सोने मिसळले की काम होईल, असा घरच्यांचा अंदाज. सराफ मात्र सांगतो, २४ ग्रॅम शुद्ध सोने लागेल. मग सराफ फसवतोय का? नाही, त्याचा हिशेब बरोबर आहे. तो कसा, हे समजून घेऊ.

कॅरेट म्हणजे नेमके काय?

कॅरेट म्हणजे वजनाच्या २४ भागांपैकी सोन्याचे भाग. १८ कॅरेटमध्ये १८ भाग सोने आणि ६ भाग तांबे, चांदी असे इतर धातू असतात. म्हणजे सोने ७५ टक्के. २२ कॅरेटमध्ये सोने २२ भाग आणि इतर धातू २ भाग. म्हणजे सोने सुमारे ९१.६७ टक्के. हॉलमार्कवर दिसणारा ९१६ हा आकडा यातूनच आला आहे.

२४ ग्रॅमचा हिशेब कसा?

युक्ती एकच आहे. जो धातू आपण नव्याने घालत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवायचे. चेनमध्ये ९ ग्रॅम सोने आणि ३ ग्रॅम इतर धातू आहेत. शुद्ध सोने कितीही ओतले, तरी हे ३ ग्रॅम तेवढेच राहणार. २२ कॅरेटमध्ये इतर धातूंचा वाटा एकूण वजनाच्या बाराव्या हिश्श्याइतका असतो. ३ ग्रॅम हा बारावा हिस्सा व्हायचा, तर एकूण वजन ३६ ग्रॅम हवे. त्यातून चेनचे १२ ग्रॅम वजा केले की २४ ग्रॅम उरतात.

ताळा करून पाहा. ९ आणि २४ मिळून ३३ ग्रॅम सोने झाले. ३३ भागिले ३६ म्हणजे ९१.६७ टक्के.

एवढे सोने घालायचे नसेल तर?

मग चेन शुद्ध करून इतर धातू बाजूला काढावे लागतात किंवा ती मोडीत द्यावी लागते. चेनमधल्या ९ ग्रॅम सोन्यातून २२ कॅरेटचे सुमारे ९.८ ग्रॅम होतात. म्हणून १२ ग्रॅमच्या बदल्यात १२ ग्रॅम मिळतील, ही अपेक्षा चुकीची आहे. मात्र सात-आठ ग्रॅमच सांगितले, तर उरलेले कुठे गेले हे विचारायला हवे. घट आणि शुद्धीकरणाचा खर्च वेगळा मांडून घ्यावा.

नव्या सोन्यात तांबे घालताना चूक कुठे होते?

येथे सोन्याचे वजन कायम राहते. १० ग्रॅम शुद्ध सोने २२ कॅरेट करायचे, तर १० ग्रॅमच्या ८.३३ टक्के म्हणजे ०.८३ ग्रॅम तांबे घातले की झाले, असे वाटते. पण ही टक्केवारी तयार मिश्रणाच्या वजनाची असते, सोन्याच्या नव्हे. १० ला १२ ने गुणून ११ ने भागले की एकूण वजन १०.९१ ग्रॅम येते. म्हणजे तांबे ०.९१ ग्रॅम.

दुसरी चूक ग्राहकाला महागात पडते. बाजारातले सगळे 'शुद्ध' सोने सारखे नसते. ९९५ शुद्धतेच्या १० ग्रॅममध्ये सोने ९.९५ ग्रॅमच असते. त्याला पूर्ण शुद्ध समजून ०.९१ ग्रॅम तांबे घातले, तर मिश्रण ९१२ च्या आसपास येते आणि ९१६ ला नापास होते. अशा सोन्यात तांबे सुमारे ०.८५ ग्रॅमच चालते.

हिशेब बरोबर असूनही शुद्धता का घसरते?

सोने तांब्यापेक्षा दुपटीहून जड आहे. मुशीतला रस नीट ढवळला नाही, तर लगडीच्या दोन टोकांची शुद्धता वेगळी येऊ शकते. दागिन्याचे सांधे जोडायला कमी कॅरेटचा डाक वापरला, तरी एकूण शुद्धता उतरते. एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागाचा पातळ थरच वाचते, त्यामुळे आतला फरक त्यातून निसटू शकतो. अग्निपरीक्षणात मात्र नमुन्यातले इतर धातू काढून उरलेले शुद्ध सोने तोलले जाते.

ग्राहकाने काय पाहावे?

चेन वितळवण्याआधी तिचे वजन आणि शुद्धता तपासून लिहून घ्यावी, कारण एकदा रस झाला की जुना पुरावा उरत नाही. किती सोने घातले आणि ते ९९५ चे की ९९९ चे, हेही कागदावर घ्यावे. नव्या दागिन्यावरचा सहा अक्षर-अंकी एचयूआयडी 'बीआयएस केअर' ॲपवर तपासता येतो.